धागा: खातं 35 टक्के खाली आलं, आता लॉट तेवढेच ठेवायचे, वाढवायचे की कमी करायचे?

हिशेबनीस, लातूर

नमस्कार मंडळी. मी लातूरला अकाउंटचं काम करतो. रिटर्नचे दिवस आले की दुकानांच्या वह्यांबरोबर हल्ली ऑप्शनचे लेजरही टेबलावर येतात. त्यातल्या एका खात्यावरून हा धागा काढतोय. पार्टीला विचारूनच लिहितोय, नाव-गाव देणार नाही.

2025 च्या जानेवारीत खात्यावर चार लाख होते, आज दोन लाख साठ हजार आहेत. गृहस्थ निफ्टीचे ऑप्शन फक्त खरेदी करतात, राइट करत नाहीत. दर वेळी दोन लॉट, प्रीमियममध्ये 80 पॉइंटांचा स्टॉपलॉस, म्हणजे ऑप्शनचा भाव तेवढा पडला की विकून बाहेर. 2025 चा निफ्टीचा लॉट 75 चा, म्हणजे एकदा स्टॉप लागला की 12,000 गेले. माणूस शिस्तीचा आहे. स्टॉप मागे सरकवल्याचं एकही उदाहरण मला लेजरमध्ये दिसलं नाही.

ते म्हणाले, "35 टक्के गेले, तर 35 टक्के कमावले की बरोबरी." मी कागदावर मांडून दाखवलं. आता जे उरलंय त्यावर 35 टक्के म्हणजे 91,000. खातं तीन लाख 51 हजारांपर्यंत येईल, चार लाखांना पोचणार नाही. गेलेली रक्कम भागिले उरलेली रक्कम असा हिशेब करायचा. 1,40,000 भागिले 2,60,000, म्हणजे जवळजवळ 54 टक्के. दहा टक्के घसरण असेल तर भरून काढायला 11 लागतात, वीसला 25, पन्नासला शंभर आणि पंचाहत्तर टक्के गेले तर तीनशे.

एवढं त्यांना पटलं. पण त्यावरून त्यांनी भलताच निष्कर्ष काढला. 54 टक्के हवेत, तर सौदेही मोठे हवेत, म्हणून आता तीन लॉट घेणार म्हणतात. माझं मत एक लॉट करावा असं आहे. पण मी हिशेबवाला, ट्रेडर नाही. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं.

धडाका, बीड

दादा, तुमच्या पार्टीचं बरोबर आहे. एक लॉटवर आला तर दीड लाख भरून यायला वर्ष जाईल. खड्डा मोठा तर फावडंही मोठं लागतं. सिस्टीम चांगली आहे, स्टॉप पाळतो, मग घाबरायचं कशाला? नुकसान झाल्यावर लॉट कमी केले की जिंकायची वेळ येते तेव्हा माणूस एक लॉटवर बसलेला असतो. हे मी खूप जणांचं बघितलंय.

आडत्या, उदगीर

माझी केस सांगतो. सोयाबीन साडेसहा हजारांनी धरून ठेवलं होतं, आज मोंढ्यात 4,300 च्या आसपास मागतात. हिशेबनीसांच्या रीतीने बघितलं तर 34 टक्के खाली, आणि बरोबरीला 51 टक्के वर जायला पाहिजे. 2021 ला याच मालाला दहा हजारांचा भाव बघितलाय आम्ही, म्हणून वाट बघत बसलो. आता तुम्ही म्हणता नुकसान झालं की कमी करा. म्हणजे निम्मी पोती विकून टाकू का?

सौदामिनी, परभणी

मी बरीच वर्षं मुंबईत एका दलाली पेढीच्या रिस्क डेस्कवर होते, आता परभणीत असते. आधी लातूरच्या खात्याचं बोलते, सोयाबीनकडे नंतर येते.

54 टक्के हा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, पण या खात्यात खरं बदललंय ते दुसरंच. चार लाख होते तेव्हा 12,000 चा स्टॉप म्हणजे भांडवलाच्या तीन टक्के. आज दोन लाख साठ हजार आहेत आणि तोच स्टॉप साडेचार टक्क्यांच्या वर गेलाय. दोन लॉट तसेच ठेवले म्हणजे त्यांनी काहीच बदललं नाही असं त्यांना वाटतं, पण जोखीम दीडपट झालेली आहे. तीन लॉट घेतले तर एका स्टॉपला 18,000, म्हणजे सात टक्के. ज्या माणसाने चार लाख असताना सात टक्क्यांचा सौदा कधी केला नसता, तो अडीच लाखांवर करायला निघालाय.

आता आठ स्टॉप ओळीने लागले असं धरू. ऐकायला अचाट वाटतं, पण शंभरातले साठ सौदे हरणारी आणि जिंकताना दुप्पट देणारी पद्धत असेल, तर शंभर सौद्यांत अशी आठाची रांग एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ आहे. तीन लॉट असतील तर 1,44,000 गेले, उरले 1,16,000. चार लाखांवर यायला 245 टक्के लागतील. दोन लॉटवर उरतात 1,64,000, लागतात 144 टक्के. एक लॉटवर उरतात 2,12,000, लागतात 89 टक्के. नशीब तिन्ही ठिकाणी तेच, आठ स्टॉप. एक लॉटवाला त्यानंतरही काम चालू ठेवू शकतो. तीन लॉटवाल्याच्या खात्यातून मात्र पुढचा एकच स्टॉप साडेपंधरा टक्के नेईल.

बरोबरीला लागणारी टक्केवारी सरळ रेषेत वाढत नाही, म्हणून हे घडतं. वीस टक्क्यांच्या खड्ड्यात आणखी दहा गेले तर 25 चे 43 होतात. साठच्या खड्ड्यात तेच आणखी दहा गेले तर 150 चे 233. खोल असताना झालेली प्रत्येक चूक महाग पडते, म्हणून खोल असताना सौदा लहान हवा.

गणितप्रेमी, नांदेड

इथे एक गोष्ट सगळेच विसरतात. 50 टक्के खाली आणि 100 टक्के वर हे लॉगॅरिदमच्या पट्टीवर अगदी सारख्या अंतराचे आहेत. निम्मं होणं आणि दुप्पट होणं ही एकाच पायरीची दोन टोकं. तेव्हा "पडणं सोपं, चढणं अवघड" हा टक्केवारी मांडायच्या पद्धतीने झालेला भास आहे. टक्के सोडा, गुणक बघा, सगळं समतोल दिसेल. मग त्यावरून जोखीम कमी करा असा सल्ला निघतच नाही.

सौदामिनी, परभणी

सर, गुणकांचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण बाजार आपल्याला गुणकांत समतोल सौदे देत नाही. स्टॉप आणि टार्गेट दोन्ही आपण रुपयांत लावतो. खात्याच्या वीस टक्के जिंकायचे किंवा वीस टक्के हरायचे, शक्यता अर्धी-अर्धी, असा सौदा घ्या. सरासरी शून्य. एकदा जिंकलो, एकदा हरलो की शंभराचे 96 राहतात, क्रम कोणताही असो. पाच जिंकले, पाच हरले की साडेएक्याऐंशी. सरासरीत काहीच गेलेलं नाही आणि खात्यातून साडेअठरा टक्के गेलेत.

तोच सौदा पाच टक्क्यांचा केला तर पाच जिंकून पाच हरल्यावर सव्वा टक्काच जातो. सौदा चौथाई केला आणि झीज जवळजवळ सोळावा हिस्सा झाली. तुमच्या लॉगच्या पट्टीवरूनच हे निघतं. झीज सौद्याच्या आकाराच्या वर्गाने वाढते.

गणितप्रेमी, नांदेड

मान्य. आकाराच्या वर्गाचा मुद्दा बरोबर आहे, मी नुसत्या भरपाईच्या टक्क्यांबद्दल बोलत होतो. पण मग तुमचा सल्ला "नुकसानीनंतर जोखीम कमी करा" असा राहत नाही, "जोखीम नेहमीच भांडवलाच्या ठरावीक हिश्शात ठेवा" असा होतो. नुकसान झालं तर रुपये आपोआप कमी, नफा झाला तर आपोआप जास्त. त्याहून वेगळी कपात कशाच्या आधारावर करायची, ते गणिताने सांगा.

धडाका, बीड

मी पण हिशेब घालतो, मग बोला. शंभरात चाळीस जिंकतो, जिंकला की दुप्पट मिळतात, हरला की एकपट जातात. म्हणजे सरासरी एका सौद्याला स्टॉपच्या 20 टक्के सुटतात. दोन लॉटवर 2,400, एक लॉटवर 1,200. 1,40,000 भरायला दोन लॉटवर 58 सौदे लागतात, एक लॉटवर 117. हा फरक लहान आहे का? आठ स्टॉपची रांग येईल म्हणता, ती आलीच नाही तर?

मधला मार्ग सांगतो. तीन लाख वीस हजारांपर्यंत एक लॉट, पुढे दोन. 50 आणि 33 मिळून 83 सौद्यांत काम होतं. तीन लॉटचा हट्ट मी सोडला, पण चार लाखांपर्यंत एकच लॉट हे मला पटत नाही.

एसआयपीवाला, जालना

सगळं वाचलं, पण तुम्ही उगाच घाबरवताय असं वाटतं. निफ्टी 14 जानेवारी 2020 ला 12,362 वर बंद झाला होता, 23 मार्चला 7,610. 38 टक्के पडला, भरून यायला 62 टक्के हवे होते आणि नोव्हेंबरात आलेही. मी तेव्हा एसआयपी दुप्पट केली होती. पडल्यावर कमी करा म्हणणं म्हणजे स्वस्तात विकणंच झालं.

सौदामिनी, परभणी

तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे. तुम्ही पगारातून नवे पैसे घातले, पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकात, उधारीशिवाय आणि मुदतीशिवाय. निर्देशांक शून्यावर जात नाही आणि तुम्हाला थांबता येतं. पण 2008 च्या घसरणीत निर्देशांकाला भरून यायला किती वेळ लागला तेही पाहा. सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 20,873 वर बंद झाला, 9 मार्च 2009 ला 8,160 वर. 61 टक्के गेले, 156 हवे होते, त्यासाठी नोव्हेंबर 2010 उजाडला. आठवड्याच्या एक्स्पायरीचा ऑप्शन तुमच्यासाठी दोन वर्षं थांबत नाही. तो त्याच आठवड्यात संपतो, आणि पुढचा सौदा उरलेल्या पैशातूनच करावा लागतो.

आडत्या काका, तुमचं याहूनही वेगळं आहे. तुमची पोती तेवढीच आहेत. भाव पडला तसा त्यात अडकलेला पैसाही कमी झाला, जोखीम आपोआप वाढलेली नाही. भावाला तुमची खरेदी किंमत ठाऊक नसते, म्हणून 51 टक्के हवेत या आकड्यावर विकायचं की नाही हे ठरवू नका. पुढे भाव काय राहील आणि धरून ठेवायला खर्च काय येतो, यावर ठरवा. मालावर तारण कर्ज काढलंय का?

आडत्या, उदगीर

काढलंय ताई. गोदामाच्या पावतीवर.

हिशेबनीस, लातूर

काका, मग व्याज आणि गोदामभाडं धरलं की तुमचा बरोबरीचा भाव साडेसहा राहत नाही, दर महिन्याला वर सरकतो. 2025-26 चा हमीभाव 5,328 आहे, तोही तुमच्या खरेदीच्या खाली. कर्जाचा कागद घेऊन एकदा या, बसून मांडू. आणि सोयाबीनचा वायदा डिसेंबर 2021 पासून बंद आहे, त्यामुळे माल धरून वायद्यात विकून ठेवायची सोयही नाही. तुमच्या हातात विकणं किंवा धरणं, दोनच गोष्टी आहेत.

आता लातूरच्या खात्याबद्दल. इथलं वाचून मी लेजर पुन्हा उघडलं, दोन गोष्टी सापडल्या.

पहिली. जूनमध्ये पेरणीच्या वेळी त्यांनी खात्यातून 40,000 काढले होते, बियाणं आणि खतासाठी. काढायच्या आधी शिल्लक 3,20,000 होती, काढल्यावर 2,80,000, आज 2,60,000. मी चार लाखांतून सरळ दोन लाख साठ हजार वजा करून 35 टक्के म्हटलं होतं, त्यात हे पेरणीचे पैसेही बाजारात गेल्यासारखे धरले गेले.

दुसरी. गेले शंभर सौदे मोजले. जिंकलेले 34. जिंकताना दुप्पट मिळालेत, ते खरं आहे. ते स्वतः चाळीस टक्के सांगत होते, तो आकडा त्यांच्या गेल्या वर्षीच्या वहीतला निघाला.

सौदामिनी, परभणी

दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. आधी पेरणीची बघू.

काढलेल्या पैशाला नुकसान धरायचं नाही, दोन तुकडे करायचे. चार लाखांचे तीन लाख वीस हजार झाले, म्हणजे 20 टक्के गेले. पैसे काढल्यावर 2,80,000 चे 2,60,000 झाले, म्हणजे आणखी सात टक्क्यांच्या थोडं वर. दोन्ही गुणले की एकूण घसरण पावणेसव्वीस टक्के. बरोबरीची रक्कम चार लाख नाही, साडेतीन लाख. लागणारी वाढ 54 टक्के नाही, साडेचौतीस-पस्तीस. ते 40,000 जमिनीत गेलेत आणि त्यांचा हिशेब पीक निघाल्यावर होईल. ते बाजारातून परत आणायला निघाल्यामुळेच तीन लॉटचा विचार डोक्यात आला असावा. चुकीच्या आकड्यामागे पळताना माणूस गरजेपेक्षा मोठा सौदा करतो, हे मी डेस्कवर वारंवार पाहिलंय.

आता 34 टक्के. त्या हिशेबाने एका सौद्याला सरासरी स्टॉपच्या फक्त दोन टक्के सुटतात. एक लॉटवर 120 रुपये. दलाली, एसटीटी, जीएसटी यात त्यातले निम्मे तरी जातील आणि स्टॉप एक पॉइंट खाली भरला तर आणखी 75. म्हणजे शून्य, किंवा शून्याखाली. धडाका भाऊंचे 58 आणि 117 हे दोन्ही आकडे चाळीस टक्क्यांवर उभे आहेत. चौतीस असतील तर कितीही लॉट घेतले तरी बरोबरी येणार नाही. मोठ्या लॉटने खातं लवकर रिकामं होईल, एवढाच फरक.

गणितप्रेमी, नांदेड

थांबा, इथे मात्र मी बोलू शकतो. शंभर सौद्यांत खरा दर चाळीस असेल तरी नुसत्या नशिबाने पाचेक टक्के इकडेतिकडे होतातच. 34 म्हणजे त्या पल्ल्याच्या थोडंसंच बाहेर. एवढ्यावरून पद्धत बिघडली असं म्हणता येत नाही, आणि बिघडली नाही असंही म्हणता येत नाही.

सौदामिनी, परभणी

सर, तुम्ही मघाशी विचारलं होतं की ठरावीक हिश्शापेक्षा जास्त कपात कशाच्या आधारावर करायची. उत्तर तुम्हीच आता दिलंत. ठरावीक हिस्सा जिंकण्याच्या दराच्या अंदाजावर ठरतो. खातं पंचवीस टक्के खाली येतं तेव्हा तो अंदाजच संशयात सापडलेला असतो. कदाचित नशीब वाईट असेल, कदाचित बाजाराची चाल बदलली असेल, आणि लेजर बघून दोन्हींतला फरक आज कळत नाही. तो कळायला आणखी शंभर-दीडशे सौदे लागतील. ते सौदे करता यावेत म्हणून आकार कमी करायचा. पद्धत चांगली निघाली तर वेळ गेला. वाईट निघाली तर बरेचसे पैसे वाचले. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचे आकडे दिले होते, त्यात वायदे-ऑप्शनमधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. तेव्हा "माझी पद्धत चांगलीच आहे" हे गृहीत धरण्याआधी ते तपासायला जागा ठेवावी.

अडचण एकच आहे आणि ती या खात्याला नक्की येणार. लॉट अर्धा करता येत नाही. नोव्हेंबर 2024 पर्यंत निफ्टीचा लॉट 25 चा होता. हाच 80 पॉइंटांचा स्टॉप तेव्हा एका लॉटला 2,000 चा होता, 2025 मध्ये 75 च्या लॉटवर 6,000. दोन लाख साठ हजारांवर एक लॉट म्हणजे 2.3 टक्के. हे त्यांच्या जुन्या तीन टक्क्यांत बसतं, पण मी डेस्कवर असते तर पडत्या काळात एक टक्का दिला असता, आणि एक टक्क्यात एकही लॉट बसत नाही. शिल्लक दोन लाखांच्या खाली गेली की एक लॉटही तीन टक्क्यांच्या पुढे जातो. तिथे ऑप्शन थांबवून वहीत कागदावरच सौदे लिहायचे. स्टॉप 80 चा 40 करून लॉट टिकवायचा मोह होईल. ते करू नका, कारण स्टॉप बदलला की जिंकण्याचा दरही बदलतो आणि शंभर सौद्यांची नोंद निरुपयोगी होते.

धडाका, बीड

दोन लाखांची मर्यादा मान्य. पेरणीचं तर एकदम पटलं, माझ्याही खात्यात असं काढणं-घालणं चालूच असतं, ते मी कधी वेगळं केलं नव्हतं. पण पुन्हा दोन लॉट कधी? तीन टक्क्यांच्या नियमाने चार लाखांवर. म्हणजे बरोबरीचे साडेतीन लाख होऊन गेल्यावरही एकच लॉट? हे जरा जास्त होतं. माझ्या मते बरोबरी झाली की दोन लॉट.

सौदामिनी, परभणी

साडेतीन लाखांवर दोन लॉट म्हणजे 3.4 टक्के. मी देणार नाही, पण याला अडाणीपणाही म्हणणार नाही. तोवरच्या सौद्यांत जिंकण्याचा दर चाळीसच्या जवळ परतला असेल तर तुमच्या बाजूने बोलता येईल. नुसती शिल्लक वाढली आणि दर चौतीसच राहिला, तर दोन-तीन मोठ्या सौद्यांनी हात दिलाय असं समजायचं, आणि तेव्हा लॉट वाढवायचा नाही.

आडत्या, उदगीर

हिशेबनीस, सोमवारी येतो कर्जाचा कागद घेऊन. आणि ताई, आमचा पोरगा पण ते ऑप्शन करतो म्हणे. त्याला दर सौद्याला किती जातात ते विचारलं तर सांगत नाही. त्याचं खातं बघायचं कसं?

हिशेबनीस, लातूर

काका, त्यालाही सोबत आणा. ब्रोकरच्या ॲपवरून त्याला दोन कागद काढायला सांगा, लेजर आणि ट्रेडबुक. लेजरमध्ये पैसे घातले-काढलेले दिसतात, ट्रेडबुकमध्ये सौदे. नुसता नफा-तोट्याचा अहवाल आणला तर काढलेले पैसे त्यात दिसत नाहीत आणि माझं झालं तसं होतं.

पार्टीशी आज दुपारी बोलणं झालं. साडेतीन लाखांचा आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले पेरणीचे पैसे सोयाबीनच्या वहीत लिहा. पुढच्या आठवड्यापासून एक लॉट, स्टॉप 80 चाच, दोन लाखांवर काम बंद. दोन लॉट परत कधी, यावर ते धडाकांच्या बाजूने आहेत. मी शंभर सौद्यांचा रकाना आखून दिलाय, जिंकलेले-हरलेले रोज लिहायचे. रकाना भरला की इथे आकडे टाकतो.